छातीच्या टीचिंग फिल्मचा रिपोर्ट: टेक्निक, फाइंडिंग्ज आणि इम्प्रेशन कसं लिहायचं

रेडिओलॉजीच्या पोस्टिंगला आलेल्या इंटर्नच्या आणि पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या वहीत एक ओळ हमखास सापडते: 'राइट अपर झोन ओपॅसिटी, ? कॉक्स, प्लीज कोरिलेट क्लिनिकली.' ओळ खोटी नाही, पण वॉर्डातल्या डॉक्टरला त्यातून काहीच हाती लागत नाही. आपल्याकडे वरच्या झोनमध्ये पांढरं दिसलं की क्षयच डोक्यात येतो. मग त्या ओळीच्या जोरावर एकेटी सुरू होते, काही महिने जातात, आणि पेशंटच्या ब्रोंकसमध्ये गाठ असेल तर ती तेवढ्यात वाढून बसते.

म्हणून या लेखासाठी मी नेमकी तसलीच फिल्म घेतली आहे. केस शिकवण्यासाठी रचलेली आहे, पण त्यातली चिन्हं खऱ्या फिल्मवर दिसतात तशीच दिली आहेत. रिक्विझिशनवर एवढंच लिहिलंय: ५८ वर्षांचा पुरुष, अनेक वर्षं विडी ओढणारा, तीन महिने खोकला, दोनदा थुंकीतून रक्त, वजन कमी झालं, थुंकीत एएफबी निगेटिव्ह. खाली प्रश्न: '? कॉक्स'.

प्रत्यक्षात रिपोर्ट इंग्रजीत लिहाल. इथे वाक्यं मराठीत दिली आहेत, कारण वाक्यामागचा विचार एकदा पक्का झाला की इंग्रजी वाक्य जमवायला वेळ लागत नाही.

आधी हाताशी काय हवं

- मूळ फिल्म आणि चालू व्ह्यूबॉक्स, किंवा रिपोर्टिंगच्या स्क्रीनवर मूळ डायकॉम इमेज. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून रिपोर्ट लिहू नका. त्यात कडा पुसल्या जातात, आणि या केसचं सगळं उत्तर कडांमध्ये आहे.
- रिक्विझिशन फॉर्म: वय, लिंग, तक्रार आणि पाठवणाऱ्या डॉक्टरचा प्रश्न.
- जुन्या फिल्म. पेशंट त्या बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आलेला असतो, फक्त कुणी मागत नाही.
- मोजपट्टी, किंवा स्क्रीनवरचं मोजण्याचं टूल.
- कोरा कागद. इम्प्रेशनची जागा रिकामी ठेवायची आणि ती शेवटीच भरायची.

१. नाव, तारीख आणि बाजू तपासा

फिल्म लावल्यावर आधी छातीकडे पाहू नका. नाव आणि तारीख रिक्विझिशनशी जुळते का, 'आर' किंवा 'एल' मार्कर कुठे आहे, आणि तो बाकीच्या खुणांशी पटतो का, ते पाहा. उभ्याने काढलेल्या फिल्मवर पोटातल्या हवेचा बुडबुडा डाव्या डायफ्रामखाली दिसतो, एओर्टिक नकल डावीकडे असतो आणि हृदयाचं टोक डावीकडे झुकलेलं असतं. मार्कर आणि या तीन खुणा यांचा मेळ बसत नसेल तर दोनच शक्यता: मार्कर चुकीच्या बाजूला लागला आहे, किंवा पेशंटचे अवयवच उलट बाजूला आहेत. ठरवण्याआधी टेक्निशियनला विचारा.

२. टेक्निक: फिल्मवर कितपत विसंबायचं ते ठरवा

अनेक जण टेक्निकची ओळ पाठ करून ठेवतात: 'पीए व्ह्यू, वेल सेंटर्ड, ॲडिक्वेट इन्स्पिरेशन, नो रोटेशन.' फिल्म कशीही असो, ओळ तीच. पण खालच्या फाइंडिंग्जपैकी कुठल्या खऱ्या मानायच्या आणि कुठल्या फिल्म काढण्याच्या पद्धतीमुळे भासतात, हे ठरतं या विभागातच.

व्ह्यू. पीए फिल्म १८० सेंटिमीटर अंतरावरून काढतात. किरण पाठीकडून येतात आणि हृदय डिटेक्टरजवळ असतं, म्हणून ते फारसं फुगून दिसत नाही. वॉर्डात पोर्टेबल मशीनवर काढलेल्या एपी फिल्ममध्ये अंतर साधारण १०० सेंटिमीटर असतं, आणि हृदय व मीडियास्टिनम रुंद दिसतात. व्ह्यूची नोंद नसेल तर खांद्याची पाती पाहा: नीट काढलेल्या पीएमध्ये ती फुप्फुसांच्या बाहेर गेलेली असतात.

श्वास. पूर्ण श्वास घेतला असेल तर डायफ्रामच्या वर मागच्या बाजूच्या ९ ते १० बरगड्या मोजता येतात, किंवा पुढच्या सुमारे ६. आता आपल्या केसमधली अडचण पाहा. उजवीकडे मोजलं तर आठच बरगड्या भरतात, डावीकडे दहा. उजव्या बाजूच्या भरवशावर 'अपुरा श्वास' असं लिहिलं की पुढची सगळी चिन्हं 'श्वास कमी होता' या नावाखाली वाया जातात. श्वास दोन्ही फुप्फुसांचा एकत्रच असतो. एका बाजूच्या दहा बरगड्या भरल्या म्हणजे श्वास पुरेसा होता, आणि दुसरी बाजू कमी का भरली हे आता शोधायचं आहे.

रोटेशन. दोन्ही क्लॅव्हिकलची आतली टोकं मणक्याच्या स्पायनस प्रोसेसपासून सारख्या अंतरावर हवीत. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण ते ट्रेकियासाठी कसं वापरायचं ते सहसा कुणी सांगत नाही. क्लॅव्हिकलची टोकं छातीच्या पुढच्या बाजूला, स्पायनस प्रोसेस मागच्या बाजूला, आणि ट्रेकिया या दोघांच्या मधे. पेशंट वळला की पुढच्या गोष्टी मागच्यांच्या तुलनेत एकाच दिशेला सरकतात. म्हणून क्लॅव्हिकलची टोकं आणि ट्रेकिया दोन्ही एकाच बाजूला गेलेली दिसली तर आधी रोटेशनचा संशय घ्या. क्लॅव्हिकल बरोबर मध्यावर आहेत आणि ट्रेकिया एकटीच सरकली आहे, तर ते सरकणं खरं. आपल्या फिल्मवर दुसरा प्रकार आहे.

एक्स्पोजर. हृदयाच्या मागे मणके पुसट दिसले तर पुरेसं, ही फिल्मच्या काळातली कसोटी. डिजिटल मशीन इमेज स्वतःच सुधारून दाखवतं, त्यामुळे कमी एक्स्पोजर तिथे पांढरेपणातून कळत नाही, दाणेदारपणातून कळतं.

या केसची टेक्निकची ओळ अशी होईल:

> छातीचा एक्स-रे, पीए व्ह्यू, उभ्याने. श्वास पुरेसा (डावीकडे मागच्या १० बरगड्या). रोटेशन नाही. दोन्ही ॲपेक्स आणि दोन्ही कॉस्टोफ्रेनिक अँगल फिल्ममध्ये आले आहेत. तुलनेसाठी जुनी फिल्म उपलब्ध नाही.

शेवटचं वाक्य टाळू नका. जुनी फिल्म नव्हती हे लिहिलं, तर ती घरी असलेला पेशंट पुढच्या वेळी ती घेऊन येण्याची निदान शक्यता तरी राहते.

३. पाहण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम वेगळे ठेवा

पाहताना क्रम ठरलेला असावा: ट्रेकिया आणि मीडियास्टिनम, दोन्ही हायलम, फुप्फुसं झोननिहाय डावी-उजवी तुलना करत, प्लुरा आणि फिशर, हृदय, डायफ्राम, हाडं, मऊ ऊती. मोठी विकृती समोर दिसत असली तरी तिला हात न लावता आधी बाकीचं संपवा. ठळक गोष्ट सापडली की शोध थांबतो, हा माणसाच्या नजरेचा स्वभावच आहे. उजव्या बाजूची एवढी मोठी ओपॅसिटी पाहिल्यावर डाव्या खालच्या झोनमधली सेंटिमीटरभर गाठ सहज सुटते, आणि या पेशंटमध्ये ती गाठ असती तर सगळं नियोजनच बदललं असतं.

लिहिताना मात्र मुख्य विकृती आधी. वाचणाऱ्याला हाडांची आणि हृदयाची चार नॉर्मल वाक्यं ओलांडून मुद्द्यापर्यंत यायला लावू नका.

नजर चुकवणाऱ्या पाच जागा शेवटी पुन्हा पाहा: दोन्ही ॲपेक्स क्लॅव्हिकलच्या मागे, हृदयाची मागची बाजू, दोन्ही हायलम, डायफ्रामच्या घुमटाखाली दडलेलं फुप्फुस, आणि बरगड्यांच्या कडा.

४. फाइंडिंग्ज: ओपॅसिटी ओढते की ढकलते?

या विभागाचा एकच नियम: दिसतं ते लिहा, वाटतं ते इम्प्रेशनसाठी ठेवा. 'उजव्या वरच्या लोबमध्ये क्षय' हे फाइंडिंग नाही. 'कन्सॉलिडेशन' हासुद्धा अर्धा निष्कर्षच आहे. सुरुवातीला 'ओपॅसिटी' म्हणा, आणि मग तिचं वर्णन इतकं पुरं करा की फिल्म न पाहिलेल्याला ती डोळ्यांपुढे आणता यावी.

वर्णनासाठी मी पाच प्रश्न वापरतो: कुठे आहे, किती एकसारखी पांढरी आहे, कड कशी आहे, आत काय आहे, आणि शेजाऱ्यांचं काय करते. शेवटचा प्रश्न विद्यार्थी नेहमी सोडतात आणि निदान बहुधा त्याच्यातच असतं. पाणी आणि मोठी गाठ शेजारच्या रचना ढकलतात. साधं कन्सॉलिडेशन, म्हणजे हवेच्या जागी द्रव भरलेलं फुप्फुस, जवळपास कुणालाच हलवत नाही. कोलॅप्स झालेला लोब सगळं आपल्याकडे ओढतो. आता हे प्रश्न आपल्या फिल्मला विचारू.

*कुठे.* उजवा वरचा झोन, असं म्हणायला हरकत नाही. पण झोन म्हणजे लोब नव्हे. दुसऱ्या बरगडीच्या पुढच्या टोकाच्या वर तो वरचा झोन, दुसरी ते चौथी मधला, त्याखाली खालचा. ही फक्त फिल्मवरची वाटणी झाली. खालच्या लोबचा सुपीरियर सेगमेंट पीए फिल्मवर बराच वर येतो, त्यामुळे उंचीवरून लोब ठरवता येत नाही. लोब ठरतो पुसलेल्या कडांवरून आणि फिशरवरून. इथे उजव्या वरच्या मीडियास्टिनमची कड दिसत नाही, उजव्या हृदयाची कड आणि डायफ्रामची कड मात्र स्पष्ट आहे. यालाच सिल्हूट साइन म्हणतात. सारख्या घनतेच्या दोन गोष्टी एकमेकींना टेकल्या की मधली कड पुसते, हे त्यामागचं तत्त्व, आणि ते बेंजामिन फेल्सन यांच्या १९५० च्या लेखनामुळे सर्वांपर्यंत पोहोचलं. मीडियास्टिनमची उजवी वरची कड पुसली, तर तिला टेकलेली गोष्ट वरच्या लोबमध्ये असण्याची शक्यता जास्त.

*किती एकसारखी.* सलग, एकसारखी पांढरी. अधूनमधून काळे ठिपके नाहीत.

*कड.* हा या फिल्मचा गाभा आहे. उजवीकडचा मायनर फिशर एरवी हायलमपासून साधारण आडवा, सहाव्या बरगडीच्या दिशेने छातीच्या भिंतीकडे जातो. इथे ओपॅसिटीची खालची कड म्हणजे तोच फिशर, पण वर उचललेला. बाहेरच्या अर्ध्या भागात ती कड आत वळली आहे, म्हणजे तिचा खोलगटपणा खाली तोंड करून आहे. हायलमजवळच्या आतल्या भागात मात्र तीच कड खाली फुगली आहे. खोलगट आणि फुगीर असे दोन भाग जोडले की उलट्या 'एस'सारखी रेघ तयार होते. नुसता कोलॅप्स असता तर फिशर पूर्ण लांबीत खोलगट दिसला असता. हायलमपाशी तो फुगलाय, कारण तिथे असं काहीतरी आहे जे आक्रसत नाही. अमेरिकन रेडिओलॉजिस्ट रॉस गोल्डन यांनी १९२५ मध्ये ब्रोंकसच्या कर्करोगात ही कड वर्णन केली, म्हणून तिला गोल्डन एस साइन म्हणतात.

*आत काय.* इथे शोधायच्या तीन गोष्टी: पोकळी, कॅल्शियम, एअर ब्रोंकोग्राम. तिन्ही नाहीत. त्यातलं एअर ब्रोंकोग्रामचं नसणं सर्वांत बोलकं. जुन्या क्षयामुळेही वरचा लोब आक्रसतो, ट्रेकिया ओढली जाते, हायलम वर जातो, आणि म्हणूनच दोन्हींची गल्लत होते. पण क्षयाच्या फायब्रोसिसमध्ये ब्रोंकसचा मार्ग बहुधा खुला असतो. तिथे पांढऱ्यात हवेच्या काळ्या नळ्या, रुंदावलेले वाकडेतिकडे ब्रोंकस, तंतूंसारख्या रेघा, जुनं कॅल्शियम असं मिश्र चित्र दिसतं. मोठा ब्रोंकस बंद झाला तर पलीकडची हवा रक्तात शोषली जाते आणि ब्रोंकसमध्येही हवा उरत नाही, म्हणून सगळं एकसारखं पांढरं. हा फरक सगळ्याच केसमध्ये इतका स्वच्छ नसतो. पण तो पाहिलाच नाही तर '? कॉक्स' पलीकडे जाता येत नाही.

*शेजाऱ्यांचं काय.* ट्रेकिया उजवीकडे ओढलेली. उजवा हायलम डाव्याच्या वर. एरवी डावा हायलम उजव्यापेक्षा किंचित वर असतो, काहींमध्ये दोन्ही एका उंचीवर असतात. उजवा वर गेलेला दिसला की समजा, वरून ओढला गेलाय किंवा डावा खाली ओढला गेलाय. उजवा डायफ्राम डाव्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर वर, नॉर्मलपेक्षा जास्त. त्याच्या घुमटावर आतल्या बाजूला तंबूच्या टोकासारखा छोटा त्रिकोण. वरच्या लोबच्या कोलॅप्समध्ये हे टोक, म्हणजे जक्स्टाफ्रेनिक पीक, कधीकधी दिसतं आणि ते आकुंचनाला दुजोरा देतं. उजव्या फुप्फुसाचा उरलेला भाग डाव्यापेक्षा काळा, रक्तवाहिन्या पांगलेल्या, कारण उरलेले लोब रिकामी जागा भरायला फुगले आहेत.

एक सावधगिरी. डायफ्राम वर जाण्याचं कारण बहुधा आक्रसलेला लोब, पण मीडियास्टिनमजवळच्या गाठीने फ्रेनिक नर्व्ह दाबली तरी तो वर जातो. एका फिल्मवरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. म्हणून फाइंडिंग्जमध्ये 'डायफ्राम वर' एवढंच लिहायचं.

लिहिलेल्या फाइंडिंग्ज अशा दिसतील:

> उजव्या वरच्या झोनमध्ये एकसारखी ओपॅसिटी. तिची खालची कड वर उचललेल्या मायनर फिशरची; बाहेरच्या भागात खाली तोंड करून खोलगट, हायलमजवळ सुमारे ४ सेंटिमीटर लांबीत खाली फुगीर. उजव्या वरच्या मीडियास्टिनमची कड पुसलेली. आत एअर ब्रोंकोग्राम, पोकळी किंवा कॅल्शियम नाही.
>
> ट्रेकिया उजवीकडे सरकलेली. उजवा हायलम डाव्याच्या वर. उजवा डायफ्राम डाव्यापेक्षा ३.५ सेंटिमीटर वर, आतल्या बाजूला जक्स्टाफ्रेनिक पीक. उजव्या मधल्या आणि खालच्या झोनमध्ये हवा वाढलेली.
>
> डावं फुप्फुस: गाठ किंवा ओपॅसिटी नाही. डावा हायलम नॉर्मल.
>
> प्लुरा: दोन्ही कॉस्टोफ्रेनिक अँगल मोकळे. न्यूमोथोरॅक्स नाही.
>
> हृदय: कार्डिओथोरॅसिक रेशो ०.४६ (१३ / २८ सेंटिमीटर).
>
> हाडं: दिसणाऱ्या बरगड्या, क्लॅव्हिकल आणि मणक्यांमध्ये झीज नाही.

नॉर्मल वाक्यांपैकी या पेशंटसाठी महत्त्वाची तीन आहेत: डाव्या बाजूला गाठ नाही, प्लुरामध्ये पाणी नाही, बरगडी खाल्लेली नाही. निदानाच्या पुढच्या टप्प्यांना ती लागतात, म्हणून ती मुद्दाम लिहिली. 'ब्रोंकोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज प्रॉमिनंट' हे सगळ्यांचं लाडकं वाक्य मात्र माझ्या मते रिपोर्टातून कायमचं काढून टाकावं. प्रॉमिनंट कशाच्या तुलनेत, किती, आणि त्यावरून पेशंटसाठी काय करायचं, यातलं काहीच ते सांगत नाही.

५. इम्प्रेशन: विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या

इम्प्रेशन म्हणजे फाइंडिंग्जचा सारांश नव्हे. 'उजव्या वरच्या झोनमध्ये ओपॅसिटी, ट्रेकिया सरकलेली, डायफ्राम वर' अशी यादी परत लिहिली तर जोडणी वाचणाऱ्याने करायची असा अर्थ होतो, आणि ते तर तुमचं काम आहे. पाठवणाऱ्या डॉक्टरने '? कॉक्स' विचारलंय, तर इम्प्रेशनमध्ये क्षयाबद्दल काहीतरी स्पष्ट असायलाच हवं.

जोडणी अशी होते. सगळी चिन्हं ओढणारी, म्हणून कोलॅप्स. मायनर फिशर वर आणि वरच्या मीडियास्टिनमची कड पुसलेली, म्हणून उजवा वरचा लोब. एअर ब्रोंकोग्राम नाही, म्हणून मोठ्या ब्रोंकसमध्ये अडथळा. हायलमपाशी फुगीर कड, म्हणून अडथळ्याच्या जागी गाठ. वय ५८, विडी, थुंकीतून रक्त, वजन घटलेलं, म्हणून यादीत ब्रोंकसचा कर्करोग पहिला.

मग यादीत दुसरं काय? हायलमच्या ग्रंथी वाढून ब्रोंकस बाहेरून दाबणं, मग त्या लिम्फोमाच्या असोत, दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाच्या किंवा क्षयाच्या. इथेच क्षयाला त्याची खरी जागा मिळते: शक्यता म्हणून, पहिलं निदान म्हणून नव्हे. तीनहून जास्त नावं लिहू नका. सात नावांची यादी लिहिणाऱ्याला सुरक्षित वाटते, वाचणाऱ्याच्या ती काही कामाची नसते.

खात्रीचे शब्द आधीच ठरवून ठेवा आणि ते बदलू नका. 'आहे', 'बहुधा', 'शक्य आहे' असे तीन टप्पे पुरतात. इथे कोलॅप्स 'आहे', गाठ 'बहुधा', कर्करोग 'बहुधा, पण बायोप्सीशिवाय ठरत नाही'.

> इम्प्रेशन:
> १. उजव्या वरच्या लोबचा अडथळ्यामुळे झालेला कोलॅप्स, हायलमपाशी बहुधा गाठ (गोल्डन एस साइन). या वयात आणि या इतिहासासह बहुधा ब्रोंकसचा कर्करोग, पण बायोप्सीशिवाय ठरत नाही. हायलमच्या वाढलेल्या ग्रंथींमुळे ब्रोंकस दाबला जाणं ही दुसरी शक्यता.
> २. चित्र फक्त फुप्फुसाच्या क्षयाचं नाही. सोबत क्षय असू शकतो. एकट्या या फिल्मवरून तो ठरवता किंवा नाकारता येत नाही.
> ३. प्लुरामध्ये पाणी, डाव्या फुप्फुसात गाठ किंवा बरगडीची झीज या फिल्मवर नाही.
> सल्ला: वरच्या पोटासह छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी, ब्रोंकोस्कोपी आणि बायोप्सी. थुंकी किंवा ब्रोंकोस्कोपीच्या नमुन्याची सीबीनॅट तपासणी सोबतच. जुनी फिल्म असल्यास तुलना.

सीटीमध्ये वरचं पोट कशासाठी? लिव्हर आणि ॲड्रिनल ग्रंथी, फुप्फुसाचा कर्करोग पसरण्याच्या नेहमीच्या जागा, त्याच स्कॅनमध्ये येतात. सीबीनॅट कशासाठी, जर कर्करोग पहिला आहे? कारण आपल्याकडे दोन्ही आजार एकाच पेशंटमध्ये सापडतात, आणि कर्करोग सापडला म्हणून क्षय तपासायचाच नाही, ही उलट बाजूची घाई झाली. एएफबी निगेटिव्ह आल्याने क्षय नाकारला जात नाही, तसंच 'निगेटिव्ह असूनही एकेटी देऊन पाहू' असंही त्यातून निघत नाही.

'प्लीज कोरिलेट क्लिनिकली' लिहायचंच असेल तर कशाशी कोरिलेट करायचं ते लिहा. डॉक्टर पेशंटसमोर बसलेला असतो, तेवढं तो तसंही करतोच.

६. वय बदलून तीच फिल्म पुन्हा वाचा

टीचिंग फिल्मचा खरा फायदा इथे आहे. चित्र तेच, फाइंडिंग्ज जवळपास तशाच, पण रिक्विझिशन वेगळं धरून इम्प्रेशन पुन्हा लिहा.

चार वर्षांचं मूल, ताप, घरात क्षयाचा पेशंट: आता हायलमच्या क्षयाच्या ग्रंथींनी ब्रोंकस दाबणं पहिलं, आणि गिळताना श्वासात गेलेला शेंगदाणा किंवा मणी विसरायचा नाही. आयसीयूतला व्हेंटिलेटरवरचा पेशंट, काल फिल्म नॉर्मल: म्यूकस प्लग पहिला, आणि त्याआधी एंडोट्रेकियल ट्यूबचं टोक पाहा, ते उजव्या मेन ब्रोंकसमध्ये खोल गेलंय का. तिशीतली स्त्री, विडी-सिगारेट नाही, वारंवार त्याच जागी न्यूमोनिया आणि रक्त: ब्रोंकसमधला कार्सिनॉइड ट्यूमर यादीत वर येतो.

आणखी एक रूप लक्षात असू द्या. लोब पूर्ण आक्रसला तर ती ओपॅसिटी मीडियास्टिनमला चिकटलेली बारीक पट्टी होते आणि फिल्म 'मीडियास्टिनम थोडं रुंद' एवढीच वाटते. तिथे पांढरं शोधून उपयोग नाही. हायलमची उंची, ट्रेकिया आणि न दिसणारा मायनर फिशर यांच्यावरूनच शंका येते. मायनर फिशर मात्र निरोगी माणसातही अनेकदा दिसत नाही, म्हणून एकट्या त्याच्या नसण्याला काही किंमत देऊ नका.

७. सही करण्याआधी

रिपोर्ट उलटा वाचा: इम्प्रेशनमधल्या प्रत्येक शब्दाला आधार फाइंडिंग्जमध्ये आहे का, आणि फाइंडिंग्जमधल्या प्रत्येक विकृतीचं उत्तर इम्प्रेशनमध्ये आहे का. डायफ्राम वर लिहिलाय आणि इम्प्रेशन कोलॅप्सचं आहे, तर पटलं. हायलमची गाठ इम्प्रेशनमध्ये आहे आणि फाइंडिंग्जमध्ये फुगीर कड लिहिलीच नाही, तर परत जा.

उजवं-डावं सर्वांत शेवटी, फिल्मकडे पाहत, रिपोर्टाच्या प्रत्येक ओळीत तपासा. कॉपी-पेस्ट केलेल्या टेम्प्लेटमध्ये ही चूक सहज शिरते: फाइंडिंग्ज उजव्या बाजूच्या, इम्प्रेशन आदल्या पेशंटचं डाव्या बाजूचं.

असा रिपोर्ट नुसता ट्रेमध्ये टाकायचा नसतो. ज्या युनिटने फिल्म पाठवली त्यांना फोन करा, आणि कुणाशी, किती वाजता बोललात ते रिपोर्टाच्या खाली लिहा.

८. संग्रहात ठेवताना

डायकॉम फाइल असेल तर हेडरमधलं `PatientName` `(0010,0010)`, `PatientID` `(0010,0020)` आणि `PatientBirthDate` `(0010,0030)` पुसा. वय वर्षांत ठेवा, जन्मतारीख नको. हेडर साफ केलं तरी नाव कधीकधी चित्रातच छापलेलं असतं, विशेषतः जुन्या फिल्म स्कॅन केलेल्या असतील तर कोपऱ्यातल्या पट्टीवर. तो भाग काळा करा, पण बाजूचा मार्कर त्याच्यासोबत पुसला जाणार नाही हे पाहा. मार्कर गेला तर फिल्मचा निम्मा उपयोग गेला.

सीटी, ब्रोंकोस्कोपी आणि बायोप्सीचा निकाल आला की मूळ रिपोर्ट बदलू नका, त्याखाली तारीख घालून पुरवणी जोडा. पुढच्या बॅचला फक्त बरोबर उत्तर देऊन भागत नाही. पहिल्या दिवशी फिल्मवरून किती कळलं होतं आणि किती नव्हतं, हे त्यांना दिसायला हवं.

फाइलच्या नावात निदान लिहू नका. 'गोल्डन एस' असं नाव दिलेली फिल्म उघडणारा विद्यार्थी ट्रेकिया पाहणारच नाही. नुसता क्रमांक द्या, आणि क्रमांकांची उत्तरं वेगळ्या वहीत ठेवा.